शब्दचर्चा : ‘टर्गर’ला मराठीत काय म्हणावं? ताठरता, स्फीतता, टवटवी की आणखी काही?

सायली_अनुवाद : सातवी-आठवीच्या मुलांसाठी पर्णरंध्रांवरचा, म्हणजे पानावरच्या बारीक छिद्रांवरचा, एक लेख मराठीत करतेय. त्यात टर्गर, म्हणजे पेशीतल्या पाण्याचा भिंतीवरचा दाब, हा शब्द पावलोपावली येतो. प्रत्येक छिद्राच्या दोन बाजूंना दोन रक्षक पेशी असतात. मी लिहिलं, ‘रक्षक पेशींची ताठरता कमी झाली की रंध्र बंद होतं.’ घरच्या सातवीतल्या वाचकाला दाखवलं तर तो म्हणाला, ‘ताठरता कमी म्हणजे सैल. नाडी सैल केली की पिशवीचं तोंड मोठं होतं. मग हे भोक बंद का होतं?’ मला उत्तर देता आलं नाही. शब्द चुकला की माझी समजूत?

जुनं_दप्तर : विश्वकोशात स्टोमॅटाला ‘त्वग्रंध्र’ म्हटलंय आणि पेशीला ‘कोशिका’. शाळेत मात्र पर्णरंध्र आणि पेशी. मुलांसाठी शाळेतलेच शब्द ठेवा. टर्गरला ‘स्फीतता’ घ्या. टर्गर लॅटिनमधल्या फुगण्याच्या क्रियापदावरून आला आणि संस्कृतात ‘स्फीत’ म्हणजेही फुगलेला. मुळाशी इतका जुळणारा दुसरा शब्द नाही.

सायली_अनुवाद : पण त्यानं गोंधळ उलट वाढतो. घसा सुजला की आतली वाट अरुंद होते. मग पेशी फुगल्यावर मधलं भोक बुजायला हवं ना?

मास्तर६२ : मी तीस वर्षं हे शिकवलंय. रक्षक पेशीची भोकाकडची भिंत जाड असते, बाहेरची पातळ. पाणी आत आलं की पातळ भिंत जास्त ताणली जाते, पेशी धनुष्यासारखी वाकते आणि मध्ये फट पडते. इतकं पुरे.

केना_आणि_कुर्डू : मास्तर, भिंत जाड असते हे खरंच आहे, पण वाकण्याचं मुख्य कारण ते नाही. १९७३ मध्ये एलर, पार्लांज आणि क्रिकोरियन यांनी प्रतिकृती करून हे तपासलं. जाडीपेक्षा दोन गोष्टी महत्त्वाच्या निघाल्या. पहिली, भिंतीतले सेल्युलोजचे धागे पेशीला आडवे वेढे घालतात. मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या भरल्या आहेत असं समजा. बांगड्यांमुळे हात जाड होऊ शकत नाही. तशीच ही पेशी फुगताना जाड होण्याऐवजी लांब होऊ पाहते. दुसरी, दोन पेशींची टोकं एकमेकींना घट्ट जोडलेली असतात. लांब व्हायचंय पण टोकं तर धरून ठेवलेली, मग दोघी बाहेरच्या बाजूला वाकतात. त्यांच्यामध्ये पडलेली फट म्हणजे रंध्र.

घरी करून पाहा. दोन लांबट फुगे घ्या, दोन्ही टोकांशी एकमेकांना बांधा, प्रत्येकाला थोड्या थोड्या अंतरावर चिकटपट्टीचे वेढे द्या आणि दोन्ही एकदम फुगवा. मधली फट डोळ्यांसमोर रुंदावते. हवा सोडली की दोन्ही सरळ होऊन एकमेकांना टेकतात. सातवीतल्या वाचकाला हेच उत्तर द्या. पिशवीचं तोंड नाडीनं आवळलं जातं, पण रंध्र कोणी आवळत नाही. दाब उतरला की ते आपोआप मिटतं.

सायली_अनुवाद : म्हणजे ‘ताठरता’ पण चूक आणि नुसतं ‘फुगणं’ पण चूक?

केना_आणि_कुर्डू : ‘ताठरता’ मला खटकते, कारण लाकूडही ताठ असतं आणि त्याच्या ताठपणाचा पाण्याशी संबंध नसतो. टर्गर म्हणजे आतल्या पाण्यानं भिंतीवर टाकलेला दाब. आणि तो केवढा असतो! बाकल्याच्या पानात रंध्र पूर्ण उघडलेलं असताना रक्षक पेशीत ४० ते ५० बारपर्यंत दाब मोजला गेला आहे. मोटारीच्या टायरमध्ये दोन-अडीच बार असतो. म्हणून शब्दात ‘दाब’ हवाच.

डाळिंब_सांगोला : आमच्याकडे पीक टवटवीत आहे किंवा पिकानं माना टाकल्या, असंच म्हणतात. टर्गर म्हणजे टवटवीच की. भर दुपारी माझ्या बागेतली पानं टवटवीत असतात, म्हणजे छिद्रं उघडी असणार. मग फवारणी दुपारी केली तर औषध जास्त आत जाईल का?

केना_आणि_कुर्डू : दादा, टवटवी हा शब्द फार सुंदर आहे, पण तो अख्ख्या पानाचा आहे आणि इथे गल्लत होते. दुपारी कोरड्या उन्हात झाड पुष्कळदा रंध्रं बरीचशी मिटून घेतं, म्हणून तर पान टवटवीत राहतं. पानाचा दाब टिकावा म्हणून रक्षक पेशी स्वतःचा दाब सोडतात. पोटॅशियम आणि त्याच्याबरोबरचे ऋणभारित आयन बाहेर टाकले जातात, त्यांच्या मागे पाणी जातं आणि काही मिनिटांत फट मिटते. टवटवीत पानावर मिटलेली रंध्रं, अशी ही स्थिती. दुपारी फवारू नका. थेंब लगेच वाळतात आणि पानं भाजण्याची भीती असते.

याची उलटी गंमतही आहे. पान देठातून तोडलं की ते कोमेजणारच, पण अनेक झाडांत पहिली काही मिनिटं रंध्रं आणखी उघडतात. कारण शेजारच्या पेशीही फुगलेल्या असतात आणि रक्षक पेशींना बाहेरून रेटत असतात. तो रेटा आधी ढिला पडतो. फट किती उघडणार हे आतला दाब आणि शेजाऱ्यांचा रेटा यांच्या झुंजीवर ठरतं.

डाळिंब_सांगोला : पोटॅश फवारलं तर उघडतील का मग?

केना_आणि_कुर्डू : पानावर फवारून तसा हुकूम देता येत नाही. पेशी आधी प्रोटॉन बाहेर ढकलते, त्यामुळे आत ऋणभार वाढतो आणि मग पोटॅशियम आत ओढलं जातं. हा पंप चालू करायचा की नाही, हे उजेड, कार्बन डायऑक्साइड आणि झाडाला असलेली पाण्याची ओढ यांवर ठरतं. पण सुट्या सालीवर पोटॅशियमचा परिणाम बघता येतो. केन्याच्या पानाची खालची पातळ साल सोलायची. एक तुकडा शुद्ध पाण्यात, दुसरा लिटरला पावणेचार ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड घातलेल्या पाण्यात ठेवायचा. तुमचं म्युरेट ऑफ पोटॅश हे मुख्यतः तेच, पण इथे प्रयोगशाळेतलं शुद्ध घ्या. दोन्ही तुकडे दोन-तीन तास उजेडात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. दुसऱ्यात रंध्रं ठळक उघडलेली दिसतात, पहिल्यात जेमतेम. मग साखरेचं घट्ट पाणी सोडलं की मिटतात. पेशीतला रस भिंतीपासून सुटून गोळा झालेला दिसला तर पाक फार घट्ट झाला असं समजायचं. मग मिटणं नैसर्गिक राहत नाही.

मास्तर६२ : बांगड्यांचा दृष्टान्त पटला. मी आजवर जाड भिंतीवरच थांबत होतो. पण ज्वारी-उसाचं काय? तिथल्या रक्षक पेशी घेवड्याच्या दाण्यासारख्या नसतात.

केना_आणि_कुर्डू : बरोबर. गवतवर्गात त्या डमरूसारख्या असतात. टोकांचे फुगे फुगतात आणि मधले कडक दांडे सरळच एकमेकांपासून दूर सरकतात. तिथे वाकणं जवळजवळ नसतंच. त्यामुळे लेखात ‘धनुष्यासारखी वाकते’ असं सरसकट लिहू नका.

सायली_अनुवाद : मग आता असं लिहिते : ‘रक्षक पेशींतला फुगदाब वाढला की त्या एकमेकींपासून दूर होतात आणि रंध्र उघडतं. फुगदाब उतरला की त्या एकमेकींना टेकतात आणि रंध्र मिटतं.’ ‘बंद होतं’ काढून ‘मिटतं’ केलं.

जुनं_दप्तर : ‘मिटतं’ उत्तम. ‘फुगदाब’ मात्र मला पचत नाही. देशी आणि तत्सम शब्दांचा असा सांधा कानाला खटकतो. स्फीतिदाब म्हणा.

डाळिंब_सांगोला : फुगदाब मला पहिल्या वाचनात कळला. स्फीतिदाब दोनदा वाचावा लागला.

जुनं_दप्तर : दोनदा वाचल्यावर कळला ना?