‘बघू नंतर’ म्हटलं की फोन परत येतोच. लोनवाल्यांना नाही कसं म्हणायचं?

हळदगल्ली, सांगली: माझं खातं आहे त्या बँकेतून गेल्या महिन्यापासून ‘पाच लाखांचं पर्सनल लोन मंजूर आहे’ म्हणून फोन येतायत. मी दर वेळी गोडीत सांगते, ‘आत्ता नको, पुढच्या महिन्यात बघू.’ तरी नऊ वेळा आला. पोरगी बिचारी पोटासाठी करते, तिला तोडून बोलवत नाही. सभ्यपणे पण कायमचं कसं थांबवायचं?

गावठी_शहाणा: कसली सभ्यता? ‘लोन’ शब्द ऐकला की लाल बटण. आपण विकत घ्यायला गेलो नव्हतो, मग उत्तर देणं आपल्यावर कुठून आलं?

माजी_टेलिकॉलर, सातारा: मी दोन वर्षं याच खुर्चीत होते, म्हणून सांगते. फोन संपला की आमच्या स्क्रीनवर एक खूण करावी लागायची: ‘कॉल बॅक’, ‘कट झाला’, ‘रस नाही’, ‘पुन्हा फोन करू नये’. तुमचं ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणजे सरळ ‘कॉल बॅक’, तारखेसकट. आपल्याकडे ‘बघू’ म्हणजे नाही हे मलाही कळायचं हो, पण टार्गेट असलं की कळून न कळल्यासारखं करायचं. आणि शहाणे, तुम्ही कट केलात की ‘कट झाला’. तो नंबर संध्याकाळी मशीन आपोआप दुसऱ्या कुणाला तरी लावून देई.

दुसरं, कारण देऊ नका. प्रत्येक कारणाला आमच्याकडे उत्तर तयार असायचं. ‘आधीच कर्ज आहे’ म्हणालात, तर ते आमच्याकडे वळवा, वर टॉप-अप देते. ‘कार्ड आहे’ म्हणालात, तर हे लाइफटाइम फ्री आहे. ‘मिस्टर ठरवतात’ म्हटलं की सरांना किती वाजता फोन करू? एक बाई नेहमी म्हणायच्या, ‘ताई, मला लोन नको आहे. माझा नंबर पुन्हा फोन करू नये मध्ये टाका. ठेवते.’ एवढंच, आवाज न चढवता. मी ‘पण मॅडम’ म्हटलं की तेच वाक्य शब्द न बदलता पुन्हा, आणि फोन खाली. त्यांच्यापुढे माझी स्क्रिप्टच संपायची.

कृष्णाकाठ: एवढा खटाटोप कशाला? 1909 वर START 0 असा मेसेज टाका, डीएनडी लागतं, विषय मिटला.

माजी_टेलिकॉलर, सातारा: निम्मं बरोबर. डीएनडी जरूर लावा. पण खातं उघडताना किंवा एखाद्या लोनच्या अ‍ॅपवर तुम्ही संमतीची टिकली मारली असेल, तर ती डीएनडीच्या वर चालते. हळदगल्लीताईंचं खातं तिथंच आहे, म्हणून शाखेत किंवा अ‍ॅपवर ती संमती मागे घेतल्याचं लेखी द्यायला हवं. आणि प्रमोशनचे फोन 140 ने सुरू होणाऱ्या नंबरवरून यायला हवेत. साध्या दहा आकडी मोबाइलवरून आला, तर तारीख-वेळ लिहून सात दिवसांच्या आत 1909 वर तक्रार करा.

कुपवाडकर: माझंही असंच. मी ‘हो हो’ करत राहिलो आणि क्रेडिट कार्ड घरी पोचलं! आता ते बंद कसं करायचं?

बँकेतला_माणूस: दादा, तुमचा विषय वेगळा आहे. पण कार्ड चालू केलेलं नाही ना? मग करू नका. तीस दिवसांत चालू झालं नाही तर बँकेने ओटीपी पाठवून तुमची संमती विचारायची असते, आणि ती मिळाली नाही तर सात कामकाजी दिवसांत फुकट बंद करायचं. ओटीपी आला की कुणाला सांगू मात्र नका.

ताईंसाठीही तेच. ‘फक्त किती बसतंय ते बघते, ओटीपी सांगा’ म्हटलं की थांबा. तो आकडा म्हणजे बहुतेक वेळा तुमचा सिबिल काढायची परवानगी असते. लोन घेतलं नाही तरी रिपोर्टात चौकशी झाल्याची नोंद राहते. अशा चार-पाच लागोपाठ नोंदी दिसल्या, की खरं घरकर्ज मागायला आल्यावर आम्हीच विचारतो, ‘एवढी काय निकड होती?’

गावठी_शहाणा: म्हणजे गोड बोलून बोलून ओटीपीपर्यंत जायचं. म्हणूनच म्हणतो, लाल बटण.

हळदगल्ली, सांगली: आज दुपारी आला होता. ते वाक्य कागदावर लिहून समोर ठेवलं आणि वाचलंच. ती म्हणाली, ‘मॅडम, कारण तरी सांगा.’ तोंडावर आलं होतं की सध्या हळदीचा हंगाम आहे, पण गिळलं आणि परत वाचलं. ‘ओके मॅडम’ म्हणून तिनंच ठेवला. पण बँकेने दुसऱ्या एजन्सीला यादी दिली, तर तिथं हे टाकलेलं दिसतं का?

माजी_टेलिकॉलर, सातारा: आमच्या वेळी दिसत नव्हतं. म्हणूनच शाखेत लेखी द्या म्हणाले, आणि पोच शिक्क्यासकट घ्या.