विषय: नो-शो आणि उशिरा चेकआउटचे नियम

"नो-शोचे आणि जास्त थांबल्याचे पैसे किती लावायचे, नियमात काय लिहू?"

रकमेआधी वेळ लिहा, भांडण तिथेच होतं. नुसतं 'न आल्यास' लिहिलं की रात्री एकला उगवलेला गेस्ट म्हणणार मी आलो की, आणि रूम तुम्ही दुसऱ्याला दिलेली. म्हणून असं: 'रात्री १० पर्यंत न आल्यास व फोन न केल्यास नो-शो, फक्त पहिल्या रात्रीचं भाडं कापलं जाईल.' तीच रूम त्या रात्री दुसऱ्याला गेली तर मात्र पैसे परत करा, डबल घेणं बरं नाही. चेकआउट ११ चं असेल तर १२ पर्यंत फ्री, ३ पर्यंत अर्धं भाडं, पुढे पूर्ण, पण 'पुढचं बुकिंग नसेल तरच' हे हवंच. आजारपण, रस्ता बंद, गाडी रद्द यांना सूट, मेसेज किंवा तिकीट दाखवलं की पुरे.