आधी चाल की आधी कॉर्ड?

"कॉर्ड आधी धरावेत की चाल? फोनवर गुणगुणलेलं नंतर गिटारवर बसतच नाही."

मी चाल आधी घेतो. सी–जी–ए मायनर–एफ वाजवत बसलो की गळा त्याच कॉर्डच्या सुरांवर रेंगाळतो. तुमची अडचण मात्र बहुधा रेकॉर्डिंगची आहे. गुणगुणण्याआधी एक तार छेडून तो सूर फोनमध्ये येऊ द्या आणि मांडीवर ठेका धरा. नाहीतर मुखडा समेवर उचललाय की समेआधी, हे दुसऱ्या दिवशी कळत नाही (माझ्या दोन चाली अशाच गेल्या). उतरवताना आधी ठेक्यावरचे लांब सूर शोधा. सी हा सा धरून लांब सूर ग, म्हणजे ई, निघाला तर सी, ए मायनर, ई मायनर तिन्ही बसतात. वाजवून बघा, ए मायनरवर तोच ग उदास वाटतो.