जुन्या पत्त्यावरून आपोआप फॉरवर्ड: ठेवावं की काढून टाकावं?

हळदवाला_सांगली
मार्केट यार्डात आमचा हळदीचा गाळा आहे. जुना मेल पत्ता आमच्याच डोमेनचा, होस्टिंगवरचा. आठ महिन्यांपूर्वी सीपॅनेलमधल्या `Forwarders` मध्ये जाऊन सगळे मेल नव्या जीमेलवर वळवले. तेव्हा भावाच्या जीमेलवरून मेल पाठवून बघितला होता, लगेच आला. परवा राजकोटच्या पार्टीचा फोन आला की दोनदा ऑर्डर पाठवली, दोन्ही वेळा मेल परत आला. त्यांनी पाठवलेल्या फोटोत `550-5.7.26` असं दिसतंय. बाकीच्यांचे मेल रोज येतात, मग यांचेच का नाहीत? फॉरवर्ड ठेवू की काढू?

निखिल, विश्रामबाग
स्पॅममध्ये जात असणार दादा. जीमेलमध्ये त्या पार्टीच्या पत्त्याचा फिल्टर बनवा आणि `Never send it to Spam` ला टिक करा. माझ्या ऑफिसात तेवढ्यानं काम झालं.

मिरजकर
निखिल, मेल स्पॅममध्ये पडला असता तर तुमचा उपाय बरोबर होता. इथं मेल आतच आलेला नाही. 550 म्हणजे जीमेलच्या सर्व्हरनं तो दारातूनच परत लावला. फिल्टर चालतो तो आत आलेल्या मेलवर.

दादा, राजकोटची पार्टी मेल पाठवते तेव्हा त्यांच्या डोमेनच्या नोंदीत एक यादी असते, की आमचे मेल फक्त या सर्व्हरवरून निघतात. तिला एसपीएफ म्हणतात. त्यांचा मेल तुमच्या होस्टिंगवर नीट पोचला. मग होस्टिंगनं तो जीमेलकडे ढकलला, पण पाठवणारा म्हणून नाव राजकोटचंच ठेवलं. जीमेलनं यादी बघितली, तर दारात उभा असलेला सर्व्हर तुमच्या होस्टिंगचा, यादीत नसलेला. पहिली तपासणी नापास.

दुसरी तपासणी डीकेआयएमची, म्हणजे पाठवणाऱ्यानं मेलमध्येच घातलेल्या सहीची. मेल कितीही हातांतून गेला तरी मजकूर बदलला नाही तर ही सही टिकते. बँका आणि मोठ्या मेल कंपन्या सही घालतात, म्हणून त्यांचे मेल तुमच्याकडे रोज येतात. भावाचा मेलही त्याचमुळे आला, जीमेल स्वतः सही घालतं. म्हणजे तुमची चाचणी पास होणारच होती. राजकोटवाल्यांच्या ऑफिसच्या सर्व्हरवर सही चालू नसावी. दोन्हीतलं एकही जुळलं नाही तर जीमेल मेल नाकारू शकतं, आणि 2024 च्या फेब्रुवारीपासून हा नियम कडक झालाय.

सगळ्यात वाईट म्हणजे परत आल्याची चिठ्ठी पाठवणाऱ्याकडे जाते, तुमच्याकडे नाही. राजकोटवाल्यांनी फोन केला म्हणून कळलं. ज्यांनी फोन केला नाही त्यांचं काय?

सातारची काकू
आम्ही साताऱ्याहून सांगलीला राहायला आलो तेव्हा पोस्टात अर्ज दिला होता. पोस्टमननं जुना पत्ता खोडून नवा लिहून पाकिटं पुढं पाठवली. एकही परत गेलं नाही. तुम्ही पण पोस्टात चौकशी करा.

मिरजकर
काकू, इथं प्रश्न ईमेलचा आहे, पण तुमचं उदाहरण अगदी जवळचं आहे. पाकीट घेऊन दारात कोण आलंय यावरून तुम्ही ते नाकारत नाही. मेलचा सर्व्हर नाकारतो, एवढाच फरक.

सुहास_वाई
मिरजकर, उगाच घाबरवताय. माझं सहा वर्षं फॉरवर्ड चालू आहे, जुन्या जीमेलवरून नव्या जीमेलवर. एक मेल हरवला नाही. व्यापाऱ्याचा जुना पत्ता बिलांवर, गोण्यांवर, गिऱ्हाइकांच्या वहीत असतो. फॉरवर्ड काढून तो कसा चालेल?

मिरजकर
सुहासराव, तुमचं चालतं त्याला कारण आहे. जीमेल फॉरवर्ड करताना पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता बदलून तुमचा जुनाच पत्ता घालतं, मध्ये `+caf_=` जोडून. मेलच्या `Show original` मध्ये `Return-Path` बघा, दिसेल. दादांच्या होस्टिंगवर तसं होत नाही.

पण एक मेल हरवला नाही हे तुम्ही कशावरून म्हणता? जुन्या जीमेलनं ज्याला स्पॅम ठरवलं ते पुढं पाठवलंच जात नाही, आणि तिथं 30 दिवसांनी पुसलं जातं. जुन्या खात्याचा स्पॅम एकदा उघडून बघा.

सुहास_वाई
उघडला. विमा एजंटची नूतनीकरणाची आठवण होती, तीन आठवड्यांपूर्वीची. हे मान्य. तरी दादांनी फॉरवर्ड काढावं असं मला वाटत नाही. होस्टिंगवाल्याला एसआरएस चालू करायला सांगा, म्हणजे पाकिटावरचा पत्ता तोही बदलेल.

मिरजकर
सांगून बघा, पण ते बटण मूळ सर्व्हरवाल्याच्या हातात असतं, आपल्या सीपॅनेलमध्ये नसतं. शिवाय पुरतंही नाही. डीमार्क म्हणजे तपासणी नापास झाली तर मेलचं काय करायचं, हे पाठवणाऱ्यानं आपल्या डोमेनच्या नोंदीत लिहिलेलं असतं ते. तिथं `reject` लिहिलं असेल तर मेलमध्ये दिसणारा `From` आणि तपासणीत पास झालेलं डोमेन एकच लागतं. एसआरएसनं पास होतं ते तुमच्या होस्टिंगचं डोमेन, राजकोटचं नव्हे. सही नसेल तर मेल पुन्हा अडकणार. पार्टीनं काय लिहिलंय ते विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर बघता येतं. `example.com` च्या जागी त्यांचं डोमेन घाला:

```
nslookup -type=TXT _dmarc.example.com
```

दादा, आधी हे सांगा, जुन्या पत्त्याची मेलपेटी होस्टिंगवर अजून आहे का? असेल तर फॉरवर्ड असतानाही एक प्रत तिच्यात राहते. वेबमेल उघडा.

हळदवाला_सांगली
पेटी आहे. आत्ता उघडली, हात थरथरत होता. तिथं आहेत पण जीमेलवर आले नाहीत असे 11 मेल निघाले. दोन राजकोटचे. तपासणीत त्यांचं `p=reject` निघालं. पण उरलेल्या नऊ मेलच्या विषयापुढं `***SPAM***` लागलंय आणि त्यात आमच्या बारदानवाल्याचं कोटेशन आहे! त्याचे बाकीचे मेल तर येतात.

मिरजकर
हीच ती दुसरी खोड. तुमच्या होस्टिंगचा स्पॅम फिल्टर संशय आला की विषयात ते शब्द जोडतो. सहीत विषयाची ओळही बांधलेली असते. एक अक्षर वाढलं की सही मोडली, आणि एसपीएफ तर आधीच गेलेलं. म्हणजे चांगल्या सहीचा मेल तुमच्याच होस्टिंगनं बाद केला. विषय बदलण्याची ती सोय आजच बंद करा.

माझं मत विचाराल तर फॉरवर्ड काढा आणि जुनी पेटी आयमॅपनं फोनच्या मेल ॲपमध्ये दुसरं खातं म्हणून जोडा. मग मेल पुढं ढकलायचाच नसतो, तुम्ही थेट पेटीत बघता. पत्ता गोण्यांवर तसाच राहतो. बँक आणि जीएसटीच्या पोर्टलवरचा पत्ता मात्र आधी बदला.

निखिल, विश्रामबाग
पण पेटी भरली तर? आमची 250 एमबीची होती, भरल्यावर लोकांना मेल परत जायला लागले.

मिरजकर
बरोबर. आणि फॉरवर्ड असताना पेटीकडं कुणी बघत नाही, म्हणून ती गुपचूप भरते. जुने मेल उतरवून घ्यायचं काम दर दोन महिन्यांनी कुणीतरी करायला लागेल.

सुहास_वाई
दुकानात ते काम कोण करणार हो? दोन पेट्या बघायच्या म्हणजे एक विसरली जाणार. मी अजूनही म्हणतो, खरी दुरुस्ती राजकोटवाल्यांकडं आहे. त्यांनी सही चालू करावी.

हळदवाला_सांगली
विषय बदलणं बंद केलं. पेटी फोनवर जोडली, फॉरवर्ड अजून काढलं नाही, महिनाभर दोन्ही ताडून बघतो. राजकोटच्या शेठना सही चालू करा असं कसं सांगायचं तेवढं कळत नाही. ते वडिलांच्या वेळचं गिऱ्हाईक आहे, आणि त्यांच्या दृष्टीनं मेल आम्हीच परत लावलाय.