'राइट ऑफ व्हिजिट'ला मराठीत काय म्हणायचं?

मंजिरी_भ: मंडळी, एका सागरी कायद्याच्या पुस्तिकेचं भाषांतर करतेय. 'राइट ऑफ व्हिजिट'पाशी गाडी अडलीये. मी 'भेटीचा हक्क' लिहिलं तर संपादक म्हणाले हे काय पाहुणचाराला चाललेत का, 'झडतीचा हक्क' करा. पण मूळ कलम वाचलं तर झडती पण पटत नाही. १९८२च्या समुद्री कायद्याच्या करारातलं ११० नंबरचं कलम आहे. कोणी सुचवेल का?

अजित: भेटीचा हक्क बरोबर आहे की. माझ्या घटस्फोटाच्या निकालात हेच शब्द होते, दर दुसऱ्या रविवारी मुलाला भेटायचं. पण समोरच्याने दारच उघडलं नाही तर तो हक्क कागदावरच राहतो, त्याचं काय करायचं ते सांगा आधी.

मंजिरी_भ: अजितदादा, वाईट वाटलं वाचून, पण हा वेगळा हक्क आहे हो. युद्धनौकेने भर समुद्रात परक्या जहाजावर जाऊन बघायचं, त्याबद्दल आहे.

नांगर: मी बरीच वर्षं मर्चंट नेव्हीत होतो, आता रिटायर. आमच्याकडे सगळे 'बोर्डिंग'च म्हणायचे, मराठी शब्द कधी कानावर आला नाही. पण तुमच्या संपादकांची 'झडती' चुकीचीच. आधी वायरलेसवर विचारतात, जहाजाचं नाव काय, झेंडा कुठला, कुठून आलात, कुठे निघालात. कॅप्टनची उत्तरं संशयास्पद वाटली की युद्धनौका एक होडी पाठवते, तिच्यावर एक अधिकारी असावाच लागतो. तो चढतो आणि पहिल्यांदा फक्त कागद बघतो. ते बघूनही शंका उरली तरच पुढे जहाजाची तपासणी, आणि तीही कलमात म्हटलंय तसं शक्य तेवढी काळजी घेऊन. म्हणजे झडती ही दुसरी पायरी झाली, तुम्ही पहिलीलाच ते नाव देताय.

शब्दकाका: मग 'विचारपूस' म्हणा की! सरळ मराठी शब्द आहे. 'विचारपुशीचा हक्क'. आणि मंजिरीताई, तुम्ही पुस्तिकेत 'पायरसी' लिहिलं असेल तर ते पण काढा, आपल्याकडे 'चाचेगिरी' आहे. जुन्या पुस्तकांत तर 'चांचे' असा अनुस्वार देऊन लिहीत, तो पण काढून टाकला आपण.

रोहन_क: काका, विचारपूस म्हटलं की आजारी माणसाला बघायला गेल्यासारखं वाटतं. आणि चाचे हा शब्द 'चाचा'वरून आलाय ना? म्हणजे काका लोक.

शब्दकाका: ही व्युत्पत्ती कुठून काढलीस? पुरावा दे. शब्दाचा आवाज जुळला की नातं जोडायचं ही आजकालची फॅशन झालीये.

नांगर: विचारपूस मला पण बरी वाटत नाही, कारण त्यात नकार द्यायला वाव आहे. इथे समोरच्याला 'येऊ नका' म्हणायची सोय नसते. पण मोकाट हक्कही नाही. भर समुद्रात ज्याचा झेंडा त्याचाच कायदा, म्हणून परक्या जहाजावर जाण्यासाठी कारण लागतं. चाचेगिरीचा रास्त संशय, गुलामांची वाहतूक, जहाजाला कुठल्याच देशाचा झेंडा नसणं, अशी मोजकीच कारणं. आणि चढून बघितलं, काही सापडलं नाही आणि जहाजाने संशयाला जागा दिलेली नसेल, तर नुकसानभरपाई द्यावी लागते. हे वजन 'भेट'मध्ये कुठे येतं?

रोहन_क: पण चाच्याला तर कोणीही कुठेही पकडून शिक्षा करू शकतो ना? मानवजातीचा शत्रू वगैरे. मग एवढे कागद कशाला बघायचे?

सुलभा_वकील: रोहन, अर्धं बरोबर. कुठल्याही देशाला पकडता येतं आणि ज्याने पकडलं त्याच्या कोर्टाला शिक्षा ठरवता येते, हे १०५ कलमात आहे. पण पकडणारी युद्धनौका, लष्करी विमान किंवा सरकारी कामावरचं खुणा असलेलं जहाजच हवं. शिवाय कोर्टाला शिक्षा 'करता येते' म्हणजे त्या देशाच्या कायद्यात तो गुन्हा लिहिलेला पाहिजे. तिथेच गाडी अडते.

अलोंड्रा रेनबोचं प्रकरण बघा. ऑक्टोबर १९९९, जपानी मालकीचं जहाज, इंडोनेशियाहून सुमारे ७,००० टन अॅल्युमिनियम घेऊन जपानला निघालेलं. वाटेत चाच्यांनी पळवलं, १७ खलाशांना एका तराफ्यावर सोडून दिलं, ते दहाएक दिवसांनी थायलंडच्या मच्छीमारांना सापडले. तोवर जहाजाला नवा रंग आणि 'मेगा रामा' असं नवं नाव दिलेलं. नोव्हेंबरमध्ये भारताच्या तटरक्षक दलाच्या 'ताराबाई'ने ते हेरलं. विचारल्यावर समोरून बेलीझचा झेंडा सांगितला गेला, चौकशी केली तर बेलीझच्या नोंदीत असं जहाजच नाही. म्हणजे संशयाला दोन कारणं झाली, चोरीचं जहाज आणि खोटा झेंडा. ते थांबेना, मग नौदलाची 'प्रहार' पण आली, गोळीबार झाला, आतल्या लोकांनी आग लावून जहाज बुडवायचा प्रयत्न केला, तरी शेवटी ताब्यात आलं.

नांगर: बुडवायचं कारण सरळ आहे, पुरावा पाण्यात गेला की झालं. सोमालियाकडे पण तेच, युद्धनौका दिसली की शिड्या आणि बंदुका समुद्रात, आणि आम्ही मासे धरायला आलो होतो.

सुलभा_वकील: हो. तर मुंबईत खटला चालला, २००३ मध्ये १४ जणांना सात वर्षांची शिक्षा झाली, आणि २००५ मध्ये हायकोर्टातून ते सुटले. त्या वेळी भारतीय दंड संहितेत चाचेगिरी नावाचा गुन्हाच नव्हता, दरोडा वगैरे कलमं लावून भागवावं लागलं होतं. स्वतंत्र कायदा झाला २०२२चा. मार्च २०२४ मध्ये 'रुएन' जहाजावरचे ३५ चाचे नौदलाच्या 'कोलकाता' युद्धनौकेने पकडून मुंबईला आणले ते हा कायदा आल्यानंतर.

शब्दकाका: मग त्या खटल्यात ते दरोडेखोर ठरले की चाचे? मराठीत फरक आहे.

सुलभा_वकील: काका, कायद्यातही आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत जहाज लुटलं तर तो त्या देशातला सशस्त्र दरोडा, बाहेर लुटलं तर चाचेगिरी. आणि करारातली चाचेगिरी व्हायला साधारण दोन जहाजं लागतात. जहाजावरच्याच प्रवाशांनी ते बळकावलं तर ती त्या व्याख्येत बसत नाही. उलट, लुटीचं आहे हे माहीत असून जो जहाज चालवायला मदत करतो, त्याने शस्त्र उचललेलं नसलं तरी तो चाचा.

मंजिरी_भ: माझ्या पुढच्याच पानावर चाचेगिरीची हीच व्याख्या आहे! त्यात हे कृत्य 'फॉर प्रायव्हेट एंड्स' केलेलं हवं असं म्हटलंय. मी 'स्वतःच्या फायद्यासाठी' लिहिलंय, चालेल?

सुलभा_वकील: नको. 'खासगी हेतूने' ठेवा. जपानी व्हेलशिकारी जहाजांना त्रास देणाऱ्या सी शेफर्डच्या प्रकरणात अमेरिकेतल्या अपील कोर्टाने २०१३ मध्ये म्हटलं की खासगी म्हणजे सरकारच्या वतीने नसलेलं, पैशाचा लोभ असायलाच हवा असं नाही. तुमच्या शब्दांनी ते आंदोलक आपोआप सुटतील.

रोहन_क: म्हणजे व्हेल वाचवणारे पण चाचे? हे जरा अतीच झालं.

नांगर: जरा पण अती नाही. प्रोपेलरमध्ये अडकायला दोर टाकतात ते, भर समुद्रात इंजिन बंद पडलं तर काय होतं ते मी बघितलंय.

शब्दकाका: तरी त्यांना चाचे म्हणणं मराठीला मान्य नाही. चाचा लुटतो. न लुटणारा चाचा कोर्टाला चालत असेल, मला नाही.

सुलभा_वकील: करारात लुटीसोबत बेकायदा हिंसा आणि डांबून ठेवणं पण आहे, काका. लूट त्यातला एकच प्रकार. पण त्या निकालावर कायद्यातल्या लोकांचंही एकमत नाही, तेव्हा तुमचं म्हणणं अगदीच एकटं नाही.

मंजिरी_भ: बरं, 'खासगी हेतू' करते. आणि व्हिजिट?

रोहन_क: 'चढपाहणी' करा.

शब्दकाका: अरे हे कुठलं मराठी!