आईच्या फोनातलं व्हॉट्सअ‍ॅपचं ऑटो-डाउनलोड: सगळं बंद करायचं की फक्त वायफायवर चालू ठेवायचं?

अबोली_फोंडा
आईचा फोन 64 जीबीचा. चवथीच्या दुसऱ्या दिवशी कॅमेराच उघडेना, स्टोरेज फुल. गणपतीवर बांधलेल्या आमच्या स्वतःच्या माटोळीचा फोटो काढता येईना आणि फोनात दुसऱ्यांच्या चाळीस माटोळ्या. देवस्थानचा ग्रुप, भजनी मंडळ, वाड्याचा ग्रुप, सगळीकडून फोटो-व्हिडिओ आपोआप उतरतात. भाऊ म्हणतो ऑटो-डाउनलोड सरसकट बंद कर. मी म्हणते मोबाईल डेटावर बंद आणि वायफायवर चालू ठेवूया, घरी फायबर आहेच. कोण बरोबर?

पेडण्याचो_भाई
भाऊ बरोबर. मी तीन वर्षांपूर्वी ऑटो-डाउनलोडच्या सगळ्या टिका काढल्या, आजपर्यंत एकदाही फोन भरला नाही. जे बघायचं ते दाबून बघायचं, नाही तर राहूदे तिथेच. सकाळी उठल्यावर सतरा जणांचं सुप्रभात आपल्या फोनात कशाला हवं रे?

दुरुस्तीवाला_म्हापसा
माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, चवथ झाली की आठवडाभर हेच गिऱ्हाईक. अबोली, राग मानू नको पण तू म्हणतेस तो उपाय म्हणजेच आजार आहे. व्हॉट्सअ‍ॅप नवीन घातलं की मुळातच सेटिंग असं असतं की मोबाईल डेटावर फक्त फोटो उतरतात, वायफायवर फोटो, ऑडिओ, व्हिडिओ, डॉक्युमेंट सगळं, आणि रोमिंगमध्ये काहीच नाही. हे बनवलंय डेटा वाचवायला, जागा वाचवायला नव्हे. तुझी आई दिवसभर घरात, म्हणजे दिवसभर वायफायवर, म्हणजे तिला सगळं येतंच. फायबर आल्यापासून फोन लवकर भरायला लागला असं सांगणारी माणसं माझ्याकडे कितीतरी येतात, त्यांना वाटतं फोन बिघडला.

आता भाऊ. त्याचंही अर्धंच पटतं. हिशोब करून बघ. ग्रुपवरचा साधा फोटो कॉम्प्रेस होऊन बारीक येतो, दीडशे-दोनशे केबी, दिवसाला पन्नास आले तरी 10 एमबी. घुमट आरतीचा तीन मिनिटांचा व्हिडिओ एकटाच 15-20 एमबी, आणि चवथीत दिवसाला तीस यायला वेळ लागत नाही, म्हणजे 500 एमबी, दहा दिवसांत 5 जीबी. फोन व्हिडिओने भरतो, फोटोने नव्हे. म्हणून Settings मध्ये Storage and data उघड, तिथे तीन ओळी आहेत, When using mobile data, When connected on Wi-Fi आणि When roaming. वायफायच्या ओळीत जाऊन Videos ची टीक काढ, Photos ची ठेव. मोबाईल डेटाचं पॅक छोटं असेल तर तिथली फोटोची पण काढ. झालं.

साखळीची_पोर
एवढं कशाला? ग्रुपच्या नावावर दाबायचं आणि Media visibility मध्ये No करायचं. मी आमच्या क्लासच्या ग्रुपला केलं, गॅलरी एकदम साफ! जागेचा प्रश्नच मिटला.

दुरुस्तीवाला_म्हापसा
@साखळीची_पोर गॅलरी साफ झाली, फोन नाही झाला. ते सेटिंग फक्त गॅलरीला सांगतं की हे दाखवू नको, फाइल फोनात उतरतेच आणि जागा खातेच. केर खाटीखाली ढकलण्यातला प्रकार. उलट दिसत नसल्यामुळे माणूस डिलीट पण करत नाही. आत्ता Storage and data मध्ये Manage storage उघड आणि त्या क्लासच्या ग्रुपसमोरचा आकडा इथे लिही.

साखळीची_पोर
3.2 जीबी 😶

मास्तर_निवृत्त_डिचोली
सगळं बंद करा म्हणणाऱ्यांना माझा अनुभव सांगतो, मग ठरवा. आमच्या घरच्या वाटणीचा ग्रुप आहे, त्यावर चुलतभावाने जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्याचा फोटो टाकला होता. मुलाने माझ्या फोनात सगळं बंद करून ठेवलेलं, मला तो फोटो धूसर दिसला, म्हटलं नंतर बघू. अडीच महिन्यांनी वकिलाने मागितला तेव्हा दाबतो तर फाइल आता उपलब्ध नाही, पाठवणाऱ्याला परत पाठवायला सांगा. आणि चुलतभावाशी तोपर्यंत बोलणं बंद! आता काय करायचं? फोटो आपोआप उतरायलाच हवेत असं माझं ठाम मत आहे. आणि खरं सांगायचं तर दोष सेटिंगचा नाही, ग्रुपवर वाट्टेल ते टाकणाऱ्यांचा आहे, अ‍ॅडमिननी शिस्त लावायला हवी.

पेडण्याचो_भाई
मास्तर, अ‍ॅडमिनच सगळ्यात जास्त टाकतो आमच्याकडे. आणि कागदपत्राचा फोटो आला की त्याच दिवशी उघडायचा, त्यात फोनचा काय दोष?

दुरुस्तीवाला_म्हापसा
मास्तरांचं म्हणणं सोडून देण्यासारखं नाही. न उतरवलेली फाइल त्यांच्या सर्व्हरवर कायम राहत नाही, महिनाभराच्या पुढे भरवसा धरू नये. टेलिग्रामवाल्यांची गोष्ट वेगळी, तिथे फाइल क्लाउडवर राहते, फोनातली उडवली तरी परत उतरवता येते. तिथे नेटवर्कप्रमाणे नियम लावताना ग्रुपचा वेगळा, ओळखीच्या माणसांचा वेगळा असा लावता येतो, वर किती एमबीपर्यंत उतरू दे ते पण ठरवता येतं. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये नियम सगळ्या चॅटना एकच, देवस्थानचा ग्रुप बंद आणि वाटणीचा ग्रुप चालू असं करता येत नाही. म्हणूनच मी फोटो चालू ठेवा म्हणतो.

काजूवाली_सत्तरी
माझं पण सेम झालंय!! स्टोरेज फुल म्हणून मेसेज येतो आणि जीमेलवर मेल येईनात, फोन 128 चा आहे आणि अर्धा रिकामा दिसतो, मी व्हिडिओची टीक काढली तरी मेसेज जात नाही, मग ह्या उपायाचा उपयोग काय

दुरुस्तीवाला_म्हापसा
@काजूवाली_सत्तरी बाय, तुमचं फुल झालंय ते फोनाचं नाही, गुगल अकाउंटचं, ते 15 जीबी वेगळे. अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप आता त्यातच मोजतात, पूर्वी मोजत नव्हते. Chat backup मध्ये Include videos बंद करा आणि एकदा बॅकअप घ्या. ह्या धाग्याशी संबंध एवढाच की व्हिडिओ फोनात उतरलाच नाही तर बॅकअपमध्ये पण जाणार नाही.

काणकोणकर_77
रोमिंगचं कोणी बोललंच नाही. मी कामाला रोज कारवारला जातो, पोळें ओलांडलं की रोमिंग. तिथे When roaming चा नियम लागतो म्हणून मी त्यात सगळं बंद ठेवलंय. सावंतवाडीला जाणाऱ्यांनी पण बघून ठेवा.

पेडण्याचो_भाई
सावंतवाडीला कसलं रोमिंग रे! गोवा आणि महाराष्ट्र एकच सर्कल, मुंबईचं तेवढं वेगळं. आम्ही बांद्याला बाजाराला जातो, आजपर्यंत काही वेगळं झालं नाही.

काणकोणकर_77
बरं, सावंतवाडीचं चुकलं. कारवारचं खरं आहे पण. आणि अजून एक, बसमध्ये मित्राच्या हॉटस्पॉटवर होतो तेव्हा माझ्या फोनाने त्याचा दीड जीबी संपवला, अजून बोलून दाखवतो.

दुरुस्तीवाला_म्हापसा
हॉटस्पॉट म्हणजे तुमच्या फोनाच्या लेखी वायफायच, वायफायचा नियम लागणार. वायफायवर सगळं चालू ठेवा म्हणणाऱ्यांनी हे पण धरून चालावं.

अबोली_फोंडा
करून बघितलं, सांगते. Manage storage उघडलं तर व्हॉट्सअ‍ॅप एकटं 29 जीबी, त्यात देवस्थानचा ग्रुप 11, भजनी मंडळ साडेसात. वरच Larger than 5 MB असा एक कप्पा दिसतो, त्यातच 19 जीबी. आधी टीक काढली, मग साफसफाई केली, कारण दादाने उलटं केलं होतं मागच्या महिन्यात आणि आठ दिवसांत परत भरला. शिवाय त्याने गॅलरीतून उडवलं होतं, ते सगळं ट्रॅशमध्ये बसून होतं, जागा सुटलीच नव्हती. ह्यावेळी Manage storage मधूनच काढलं तर लगेच 14 जीबी मोकळे.

पण एक विचित्र. टीक काढून चार दिवस झाले, नवीन व्हिडिओवर खाली बाण आणि एमबीचा आकडा दिसतो, म्हणजे उतरत नाहीत, बरोबर? तरी 900 एमबी वाढले. कुठून आले?

दुरुस्तीवाला_म्हापसा
Documents ची टीक काढलीस का? तुमच्यात कोण तरी फोटो-व्हिडिओवाला असणार जो क्वालिटी जाऊ नये म्हणून व्हिडिओ डॉक्युमेंट करून पाठवतो. मग तो कॉम्प्रेस होत नाही, मूळ आकारात येतो आणि व्हिडिओचा नियम त्याला लागत नाही, डॉक्युमेंटचा लागतो. 2 जीबीपर्यंत एक फाइल जाते तशी.

अबोली_फोंडा
अगदी! मामाचा मुलगा, पालखीचं अख्खं शूटिंग टाकलंय, एकच फाइल 840 एमबी. काढली टीक. पण आता मास्तरांसारखी एखादी पीडीएफ राहिली तर?

मास्तर_निवृत्त_डिचोली
तेच म्हणतो मी! पंचायतीच्या नोटिसा पीडीएफमध्येच येतात.

दुरुस्तीवाला_म्हापसा
हे मला पण नीट सुटलेलं नाही. पीडीएफ ठेव आणि व्हिडिओची डॉक्युमेंट नको असं वेगळं करता येत नाही. मी गिऱ्हाइकाला विचारून ठरवतो, कागदपत्रं जास्त येत असतील तर Documents चालू ठेवतो आणि महिन्यातून एकदा Larger than 5 MB बघायला सांगतो. बघतात का विचारू नका.

शिरोड्याचा_आयफोन
आयफोनमध्ये उलटी मांडणी आहे हां, तिथे आधी Photos, Video वगैरे आणि प्रत्येकाच्या आत Never, Wi-Fi, Wi-Fi and Cellular. आणि Save to Photos चालू असेल तर एकच फोटो दोनदा जागा खातो, एक चॅटमध्ये, एक गॅलरीत. ते आधी बंद करा.

पेडण्याचो_भाई
एवढं सगळं सांभाळण्यापेक्षा माझं सोपं नाही का, सगळं बंद. अबोली, आईचं काय म्हणणं? तिचा फोन ना?

अबोली_फोंडा
आईला राग आलाय. म्हणते पूर्वी दाबलं की लगेच चालायचा, आता आधी बाण दाबा, मग गोल फिरत बसा. आणि भजनी मंडळाचा प्रत्येक व्हिडिओ ती बाण दाबून उतरवतेच, एकही सोडत नाही. देवस्थानच्या ग्रुपचे मात्र बघत पण नाही, ते सगळे धूसरच पडलेत. दादा म्हणतो फोटोची पण टीक काढूया, मी काढू दिलेली नाही अजून.