मदत हवी आहे: बहिणीला 37वा आठवडा, लघवीला जळजळ. उरलेली जुनी गोळी चालेल का?

धाकटी बहीण बाळंतपणाला माहेरी, कोल्हापूरला आली आहे. पाचव्या महिन्यात तिला लघवीचा जंतुसंसर्ग झाला होता, तेव्हा नायट्रोफ्युरँटॉइन घेऊन बरं वाटलं. आता परत जळजळ सुरू झाली आहे. कल्चरमध्ये ई. कोलाय आला. इथल्या डॉक्टरांनी सेफालेक्सिन दिलंय आणि जुन्या गोळ्या घ्यायच्या नाहीत असं बजावलंय. पण रिपोर्टमध्ये नायट्रोफ्युरँटॉइनपुढेही 'S' आहे! शिवाय शेजारच्या काकूंनी नॉरफ्लॉक्सची पट्टी आणून दिली आहे. काय करू?

राजारामपुरीकर: नायट्रोफ्युरँटॉइन गरोदरपणात चालतच नाही. आधी दिलं तेच चुकलं.

औषधवाली_ताई: नाही दादा, पाचव्या महिन्यात ते बरोबरच होतं. पहिल्या तीन महिन्यांत दुसरा पर्याय असेल तर टाळतात, आणि शेवटी, साधारण 38व्या आठवड्यापासून, देत नाहीत. नवजात बाळाच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटू शकतात, मग कावीळ वाढते. जी6पीडी एन्झाइम कमी असेल तर धोका जास्त. 37व्या आठवड्यात कळा कधी येतील सांगता येत नाही, म्हणून डॉक्टरांनी थांबवलं असणार. 'S' म्हणजे तो जंतू त्या औषधाने मरतो एवढंच, बाळाचं त्यात काही कळत नाही.

सेफालेक्सिन पेनिसिलिनच्या नात्यातलं आहे. पूर्वी पेनिसिलिनची जोरदार ॲलर्जी झाली असेल तर आजच डॉक्टरांना सांगा. नसेल तर जळजळ दोन दिवसांत थांबली तरी कोर्स पूर्ण करा. नॉरफ्लॉक्स मात्र काकूंना परत द्या. त्या गटाच्या औषधांनी लहान प्राण्यांच्या सांध्यांची कूर्चा बिघडलेली दिसली आहे, म्हणून गरोदरपणात टाळतात.

पन्हाळ्याची_लेक: मला टाके पिकले तेव्हा ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक दिलं होतं. अंगावर पाजत होते, बाळाला दोन दिवस पातळ शी झाली. मी घाबरून दूध बंद केलं, तीच चूक झाली.

औषधवाली_ताई: हो, ते दूध पाजताना चालतं. बाळाला जुलाब किंवा तोंडात पांढरे चट्टे आले तर दाखवायचं, दूध तोडायचं नाही.

धागाकर्ती: पेनिसिलिन तिला पूर्वी चाललंय. पण काल रात्री तिची उजवी कूस दुखत होती, ते बाळाच्या वजनानं असेल ना?

औषधवाली_ताई: ताप आहे का? थंडी वाजली का? कुशीत किंवा पाठीत दुखणं किडनीपर्यंत गेलेल्या संसर्गाचं असू शकतं. त्यात सलाइनमधून औषध लागतं आणि वेळेआधी कळा येऊ शकतात. आत्ताच थर्मामीटर लावा.

राजारामपुरीकर: बाळंतपणानंतर उरलेल्या त्या गोळ्या चालतील का मग?

औषधवाली_ताई: बाळ महिन्याच्या आतलं असेल किंवा कावीळ असेल तर नाही. पुढचं बालरोगतज्ज्ञ बाळ बघूनच सांगतील.

धागाकर्ती: 100.8 आहे. रिक्षा बोलावली, डॉक्टरांकडेच निघालोय. रिपोर्ट आणि दोन्ही पट्ट्या सोबत घेतल्या आहेत.